नुसत्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो आला, सोबत एक शब्द नाही. तुम्ही आधी काय करता?

पानगळ

मी एका लहान कंपनीत पत्रव्यवहार बघते आणि साहेबांच्या भेटीगाठींचं वेळापत्रक सांभाळते. साहेब सध्या परदेशात एका प्रदर्शनाला गेले आहेत. काल रात्री साडेअकराला त्यांच्याकडून व्हॉट्सॅपवर एक फोटो आला. जपानी भाषेतलं व्हिजिटिंग कार्ड, टेबलावर ठेवून घाईत काढलेलं, उजव्या कोपऱ्यावर दिव्याची चमक. फोटोखाली काहीच लिहिलेलं नाही. त्यानंतर ते विमानात बसले, आता उद्या सकाळपर्यंत फोन लागणार नाही.

मला तीन गोष्टी सुचतात. नंबर-ईमेल सेव्ह करून ठेवायचे, कार्डाचं भाषांतर करून पाठवायचं, किंवा त्या माणसाला ओळखीचा मेल लिहायचा. यातलं कुठलं, हे कसं ठरवता?

विचारायचं कारण असं की दोन्ही बाजूंनी चटके बसले आहेत. मागे असाच फोटो आला तेव्हा मी नंबर सेव्ह करून गप्प बसले. चार दिवसांनी साहेबांनी विचारलं, "त्यांना मेल गेला ना?" गेला नव्हता. पुढच्या वेळी मी लगेच ओळखीचा मेल धाडला, तर म्हणाले, "अगं, तो नुसता शेजारच्या स्टॉलवरचा माणूस. कार्ड हरवेल म्हणून फोटो टाकला होता." त्या माणसाचं मोठं उत्तर आलं, आणि मग आमच्याकडे त्याला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. फार वाईट वाटलं.

या वेळी फोनवर भाषांतर करून बघितलं. पदासमोर "विभाग प्रतिनिधी" असं काहीतरी येतंय, आणि खाली एका नंबरापुढेही "प्रतिनिधी" येतंय. म्हणजे तो त्यांचाच थेट नंबर असावा. दुसरा नंबर ०९० ने सुरू होतो.

मधली सुट्टी

सरळ सेव्ह करा. सेव्ह केल्याने कुणाचं काही बिघडत नाही. बाकी दोन्ही गोष्टी साहेब उतरल्यावर.

कडेलोट

माझं स्पष्ट मत सांगतो. व्हिजिटिंग कार्डावर फोटो नसावाच. पासपोर्टवरचा चेहरा कार्डावर छापला की कार्ड ओळखपत्रासारखं दिसतं, आणि पाच वर्षांनी माणूस ओळखू येत नाही. नाव, काम, नंबर एवढं पुरे.

वेलांटी

कडेलोट, प्रश्न कार्डावरच्या फोटोचा नाही हो, कार्डाचा फोटो काढून पाठवला त्याचा आहे. 🙂

कडेलोट

अरे हो! शीर्षक घाईत वाचलं. मत मात्र कायम आहे.

निळी शाई

पानगळ, मला हा प्रश्न अगदी जवळचा आहे. मी नोकरी शोधत होते तेव्हा एका मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या मॅनेजरबाईंच्या कार्डाचा फोटो पाठवला. नुसता फोटो. मला वाटलं, ही म्हणतेय की यांना लिही. मी त्याच संध्याकाळी त्या बाईंना मेसेज केला, "तुमचा नंबर अमुककडून मिळाला." मैत्रीण दुसऱ्या दिवशी रडकुंडीला आलेली. तिला मला एवढंच दाखवायचं होतं की बघ, या कंपनीत असं पद असतं. त्या बाईंनी तिला विचारलं होतं, माझा नंबर वाटत का फिरतेस?

त्यावरून माझ्या लक्षात आलं ते हे, की "ओळखीचा मेसेज" म्हणजे एकच गोष्ट नसते. मी माझी ओळख करून द्यायची, की मैत्रीण आम्हा दोघींची ओळख करून देणार, की तिच्या नावाने मी मसुदा लिहून द्यायचा? फोटोत यातलं काही दिसत नाही. सेव्ह करणं आणि भाषांतर करणं हे माझ्या फोनपुरतं राहतं. मेसेज मात्र तिसऱ्या माणसाच्या दारात जातो, आणि तो परत घेता येत नाही. समोरच्याच्या फोनवरून पुसला तरी वाचला गेलेलाच असतो.

मधली सुट्टी

तेच तर मी म्हणतोय. सेव्ह करा, बाकी थांबा.

दुभाषा

मधली सुट्टी यांचं अर्धं बरोबर आहे. थांबण्याबद्दल सहमत. पण "सेव्ह केल्याने काही बिघडत नाही" हे परक्या लिपीतल्या कार्डाला लागू होत नाही. मी बरीच वर्षं जपानी कागदपत्रांचं भाषांतर करतो आणि चुकीचं सेव्ह झालेलं कार्ड किती दूरवर जातं ते पाहिलं आहे.

पानगळ, एक तपासा. पदाच्या शेवटी "प्रतिनिधी" असं जिथे येतंय तिथली दोन अक्षरं बघा आणि नंबराआधीची दोन अक्षरं बघा. फोटो मोठा करून शेजारी शेजारी ठेवा. पहिलं अक्षर दोन्हीकडे सारखं आणि दुसरं वेगळं आहे का?

पानगळ

हो! पहिलं हुबेहूब तेच. दुसरं पूर्ण वेगळं. पदातल्या दुसऱ्या अक्षरात डावीकडे आणि उजवीकडे असे दोन भाग दिसतात. नंबराजवळचं एकाखाली एक आडव्या रेघा असलेलं आणि खाली पाय फुटल्यासारखं आहे.

दुभाषा

मग हे दोन वेगळे शब्द आहेत. पदातला शब्द "दाइरी" आणि नंबराजवळचा "दाइह्यो". मराठीत यंत्राने दोन्हींना "प्रतिनिधी" करून टाकलं, म्हणून तुम्हाला त्या दोघांची सांगड बसलेली दिसली.

पदाच्या शेवटी "दाइरी" असलं तर त्याचा अर्थ उप किंवा साहाय्यक. त्याआधी "काचो" असेल, म्हणजे विभागातल्या एका गटाचा प्रमुख. म्हणजे हे गृहस्थ उपप्रमुख आहेत. कंपनीचे एजंट नाहीत आणि प्रतिनिधीही नाहीत. एकाने मागे अशा माणसाला वितरक समजून डीलरशिपच्या अटी विचारणारं पत्र पाठवलं होतं, कारण हाच शब्द एजन्सी या अर्थानेही येतो.

फोन नंबरापुढे "दाइह्यो" आलं की तो कंपनीचा मुख्य नंबर, जिथे स्वागतकक्ष फोन उचलतो. थेट नंबरापुढे "चोकुत्सू" लिहितात. तुम्ही तो "त्यांचा थेट नंबर" म्हणून सेव्ह केला असतात, साहेबांनी रात्री त्यावर फोन केला असता, आणि ऑपरेटर जपानीत बोलली असती. हेच "दाइह्यो" पदात आलं तर मात्र अर्थ एकदम वर जातो, ते कंपनीच्या वतीने सही करू शकणारे संचालक असतात. एकच शब्द, कार्डावर कुठे बसलाय त्यावर अर्थ.

म्हणून माझ्या दृष्टीने तुमच्या तीन पर्यायांच्या आधी एक पायरी आहे. कार्ड नीट वाचणं. सेव्ह करायचं असो, भाषांतर द्यायचं असो की मेल लिहायचा असो, हे वाचन तिन्हींना लागतं. साहेब विमानात असताना ते करून ठेवा, वेळ वाया जाणार नाही.

वहीखाते

दुभाषा यांनी फार छान उकल केली. मी ऑफिसमध्ये संपर्कांची सामायिक यादी सांभाळतो, म्हणून "दूरवर जातं" म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे एकाने कार्डावरचा फॅक्सचा नंबर फोन म्हणून नोंदवला. यादी सगळ्यांच्या फोनवर आपोआप उतरते. तीन महिने वेगवेगळी माणसं त्या नंबरावर फोन लावून कर्कश शिट्टी ऐकत होती, आणि प्रत्येकाला वाटायचं आपलीच लाइन खराब आहे. मूळ कार्ड कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून मी दोन सवयी लावून घेतल्या. एक, कार्डाचा फोटो त्या नोंदीलाच जोडून ठेवायचा, गॅलरीत सोडायचा नाही. दोन, टिपेच्या रकान्यात कुणाकडून, कुठे आणि कधी मिळालं ते लिहायचं आणि वाचन तपासलंय का तेही. पानगळ यांच्या बाबतीत मी अशी फाइल केली असती:

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:आडनाव;नाव;;;
FN:नाव आडनाव
ORG:कंपनीचं नाव;विभाग
TITLE:काचो दाइरी - गटाचे उपप्रमुख
TEL;TYPE=WORK:+813XXXXXXXX
TEL;TYPE=CELL:+8190XXXXXXXX
EMAIL:xxxx@example.com
NOTE:साहेबांकडून नुसता फोटो आला. WORK हा मुख्य नंबर - थेट नाही. नावाचा उच्चार तपासायचा.
END:VCARD
```

हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून तिला `.vcf` नाव दिलं की कुठलाही फोन ते संपर्क म्हणून उघडतो. साहेबांना फाइल पाठवली की त्यांना एकदा बोट लावलं की झालं. `N` मध्ये आडनाव आधी येतं हे विसरू नका, तिथेच उलटापालट होते.

आडवाट

नंबराचं बघा. कार्डावर ०९० असतं आणि देशाचा क्रमांक लावला की सुरुवातीचं शून्य जातं. वहीखाते यांनी बरोबर `+8190` असं लिहिलंय. मी एकदा जर्मन कार्ड सेव्ह केलं, त्यावर छापलं होतं `+49 (0)` आणि पुढे आकडे. मी कंस काढले, शून्य ठेवलं. फोन कधीच लागला नाही. ते कंसातलं शून्य देशातल्या देशात फोन करणाऱ्यांसाठी असतं, बाहेरून गाळायचं.

दुभाषा

अगदी. आणि जपानी कार्डावर ०१२० ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो विनाशुल्क ग्राहकसेवेचा, बाहेरच्या देशातून सहसा लागत नाही. तो सेव्ह करून उपयोग नाही.

पानगळ

दुभाषा, कसे आभार मानू! मी तो नंबर "थेट" असं लिहून ठेवलाही होता. आता बदलला.

आता नावाचं अडलंय. फोनने नावाचा एक उच्चार दिलाय, पण ईमेलमध्ये @ च्या आधी जे आहे ते जरा वेगळं वाचलं जातंय. नाव इथे लिहीत नाही, पण मधल्या एका अक्षराचा फरक आहे. फोटो दाबला गेलाय म्हणून असेल का?

दुभाषा

नाव लिहू नका, बरोबर केलंत. दुसरंच एक उदाहरण देतो. एक अगदी नेहमीचं जपानी आडनाव आहे, त्याची दोन अक्षरं कुणी "नाकाजिमा" वाचतं, कुणी "नाकाशिमा". दोन्ही बरोबर. कुठलं खरं ते त्या घरालाच माहीत. चित्रलिपीतून उच्चार काढणारं यंत्र जास्त चालणारा पर्याय देतं, आणि तो या माणसासाठी चुकीचा असू शकतो.

अशा वेळी कार्डावरचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे ईमेल. `k-nakashima` असं असेल तर माणूस नाकाशिमा, कारण तो पत्ता त्याने किंवा त्याच्या कंपनीने त्याच्या खऱ्या उच्चारावरून बनवलेला असतो. काही कार्डांवर नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो, तोही बघा. तुमच्या बाबतीत ईमेलवर विश्वास ठेवा, फोनवर नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला रोमन लिपीत नाव असतं बऱ्याचदा. तिथे आणखी एक अडचण येते. पूर्वी रोमन लिपीत नाव आधी आणि आडनाव नंतर लिहायची पद्धत होती. २०२० पासून जपान सरकारने आपल्या कागदपत्रांत आडनाव आधी लिहायला सुरुवात केली. खाजगी कंपन्या दोन्ही प्रकारे छापतात. काही जण आडनाव पूर्ण मोठ्या लिपीत छापून गोंधळ टाळतात. तसं नसेल तर जपानी बाजूशी ताडून बघायचं, तिथे आडनाव नेहमी आधी. मेलमध्ये आडनावाऐवजी चुकून नावाला "सान" हा आदराचा जपानी शब्द लावून सुरुवात झाली तर पहिल्याच ओळीत जवळीक दाखवल्यासारखं होतं.

मागच्या बाजूचा फोटो आहे का?

पानगळ

नाही. एकच फोटो आलाय, जपानी बाजूचा.

वेलांटी

हीच खूण नाही का? मला जर ओळखीचा मेल लिहून हवा असता तर मी रोमन लिपीची बाजू पाठवली असती. जपानी बाजू पाठवलीय म्हणजे "हे काय लिहिलंय ते सांग" असं असावं.

निळी शाई

किंवा टेबलावर ती बाजू वर होती म्हणून. रात्री साडेअकराला विमानतळावर घाईत काढलेल्या फोटोतून इतका अर्थ काढू नये असं मला वाटतं. पण खुणा असतात हे खरं. कार्डावर पेनाने काही लिहिलंय का, त्याआधी गप्पांत कुणाचा विषय निघाला होता का, एकाच वेळी दहा कार्डं आली की एकच, हे मी बघते. दहा आली तर ती साठवायला दिलेली असतात. एकच आलं तर त्या माणसाचं काहीतरी काम असतं.

वेलांटी

एक-दहाचा हा मुद्दा पटला. बाजूचा माझा तर्क जरा ताणलेला होता, मान्य.

जुनी पाटी

मी सेक्रेटरीचं काम एकतीस वर्षं केलं, आता निवृत्त आहे. आमच्या वेळी साहेब कार्डं टेबलावर टाकून जायचे, तेव्हाही हाच प्रश्न असायचा. फोन नव्हते एवढंच.

माझा नियम असा होता. उलट विचारायचं, पण रिकाम्या हाताने विचारायचं नाही. "या कार्डाचं काय करू?" हा प्रश्न साहेबांना डोकेदुखी वाटतो, कारण सगळा विचार त्यांच्यावरच पडतो. त्याऐवजी मी चिठ्ठी ठेवायचे: हे अमुक कंपनीचे अमुक, यांचं पद हे, नंबर वहीत चढवला आहे. पत्र पाठवायचं असल्यास तुमच्या सहीने की माझ्या, तेवढं सांगा. साहेब "पाठव" किंवा "नको" एवढंच लिहायचे. त्यांना एक शब्द लिहावा लागला की समजायचं, आपलं काम नीट झालं.

पानगळ, विमान उतरायच्या आत असा मेसेज लिहून ठेव. उतरल्यावर पहिली गोष्ट तीच दिसेल.

मधली सुट्टी

हे आवडलं. पण मग मेलचा मसुदाही तयार करून सोबतच का पाठवू नये? "पाठव" म्हणाले की लगेच गेला.

जुनी पाटी

मसुदा तयार असला की तो जातो, बाळा. हा माझा अनुभव. समोर छान लिहिलेलं पत्र दिसलं की माणूस "ठीक आहे, जाऊ दे" म्हणतो, मग ते पाठवायची गरज होती की नाही याचा विचारच होत नाही. पानगळने शेजारच्या स्टॉलवाल्याला पाठवलेला मेल असाच गेला असणार.

मधली सुट्टी

यात मी तुमच्याशी सहमत नाही. साहेब प्रवासात आहेत, समोरच्याने तीस-चाळीस कार्डं दिली असतील. दोन दिवसांत मेल गेला तर त्याला चेहरा आठवतो, पंधरा दिवसांनी आठवत नाही. मसुदा नसला की तेच चार दिवस होतात, जे पानगळ यांच्यासोबत पहिल्यांदा झाले.

निळी शाई

दोघंही बरोबर वाटतात मला. मधला मार्ग म्हणजे मसुद्यात जिथे साहेबांनाच माहीत असलेली गोष्ट हवी तिथे जागा मोकळी ठेवायची. मग तो चुकून जाऊच शकत नाही. माझ्या प्रसंगानंतर मी असंच लिहिते:

"नमस्कार ____ सान, ____ रोजी प्रदर्शनात आपली भेट झाली आणि आपण ____ बद्दल बोललो. आपलं कार्ड माझ्याकडे आहे, माझा तपशील खाली देत आहे. ____ बद्दलची माहिती मी ____ पर्यंत पाठवीन."

तिसरी मोकळी जागा, "कशाबद्दल बोललो", ती ज्याला भरता येते त्यानेच मेल पाठवावा. कार्ड वाचून ती भरता येत नाही. कार्डावर कंपनी काय बनवते ते असतं, पण त्या टेबलाशी काय बोलणं झालं ते नसतं. तिथे आपण अंदाजाने काही घातलं तर समोरच्याला लगेच कळतं की लिहिणारा भेटलेलाच नाही.

जुनी पाटी

हे मात्र उत्तम. मोकळी जागा ठेवून मसुदा, हे मला मान्य.

आडवाट

एक प्रश्न. ०९० चा नंबर मोबाइल आहे ना? मग मेलऐवजी व्हॉट्सॅपवर दोन ओळी टाकून द्यायला काय हरकत? मेल कोण वाचतं हल्ली.

दुभाषा

०९०, ०८०, ०७० हे मोबाइलचे. पण कार्ड साहेबांना दिलंय, पानगळ यांना नाही. अनोळखी परदेशी नंबरावरून, वेळेचा फरक न बघता, मोबाइलवर मेसेज, हे मी टाळेन. कार्डावर ईमेल छापलाय तो यासाठीच.

आडवाट

मोबाइल नंबर कार्डावर छापला म्हणजे त्यावर संपर्क करा असंच सांगितलं ना? नको असतं तर छापला नसता.

निळी शाई

छापलाय हे खरं, पण ते कार्ड ज्याच्या हातात ठेवलं त्याला सांगितलं. फोटो पुढे गेला की ती परवानगी आपोआप पुढे जाते का? माझ्या मॅनेजरबाईंना तसं वाटलं नव्हतं.

आडवाट

मला अजून पटत नाही. असो.

वहीखाते

तांत्रिक बाजूने आणखी एक. दिव्याची चमक म्हणालात ना पानगळ, ती कुठल्या ओळीवर आहे? ईमेलवर असेल तर सांभाळा. व्हॉट्सॅप फोटो दाबून पाठवतं, आणि दाबलेल्या फोटोत `rn` आणि `m` एकसारखे दिसतात, `1` आणि `l` ही. पत्त्याखाली रेघ असली की `_` त्यात लपून जातो. फोन नंबर चुकला तर निदान लागत नाही किंवा कुणी दुसरं बोलतं. ईमेलमध्ये कंपनीच्या नावातच चूक झाली तर बहुतेक वेळा मेल परत येतो, पण तसं नाव दुसऱ्या कुणाचं असलं तर तो गुपचूप तिकडे जातो आणि आपण उत्तराची वाट बघत बसतो.

ताडून बघायचा सोपा उपाय म्हणजे कार्डावर कंपनीचं संकेतस्थळ छापलेलं असतं. ईमेलमधला @ नंतरचा भाग आणि ते सहसा एकच असतात. आणि कार्डावर क्यूआर कोड असेल तर आधी तो वाचा. अक्षरं अर्धी-मुर्धी चुकीची वाचली जातात, क्यूआर मात्र एक तर नीट वाचला जातो किंवा वाचलाच जात नाही. त्यात दुरुस्तीची सोय असते, थोडा भाग चमकेने गेला तरी चालतो. फक्त त्यात पूर्ण संपर्क असेलच असं नाही, नुसतं संकेतस्थळही असतं.

पानगळ

चमक नेमकी ईमेलच्या शेवटावर आहे. संकेतस्थळाशी ताडलं, मी एक अक्षर चुकीचं वाचलं होतं. क्यूआर नाहीये.

जुनी पाटी ताईंच्या सांगण्याप्रमाणे हा मेसेज लिहून पाठवला: "कार्ड वाचलं. हे अमुक कंपनीत गटाचे उपप्रमुख, आडनावाचा उच्चार ईमेलवरून असा. छापलेला पहिला नंबर कंपनीचा मुख्य आहे, दुसरा त्यांचा मोबाइल. संपर्काची फाइल सोबत. मेल जायचा असल्यास तुमच्या नावाने की माझ्या? आणि कशाबद्दल बोललात ती एक ओळ लागेल." सोबत `.vcf`. मसुदा निळी शाई यांच्यासारखा मोकळ्या जागा ठेवून माझ्याकडेच ठेवलाय, पाठवला नाही.

कडेलोट

शीर्षक पुन्हा नीट वाचून, सगळा धागा वाचून आलो. माझ्या मेव्हण्याला कार्डांचे असे फोटो पाठवायची सवय आहे आणि मी आजवर एकालाही उत्तर दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा विचारलं, काय करायचं यांचं? म्हणाला, "काही नाही, तुला दाखवत होतो मी कुणाकुणाला भेटतो ते." म्हणजे चौथा पर्यायही आहे. कौतुक करणे.

वेलांटी

हा सगळ्यात खरा पर्याय निघायचा. 😀

पानगळ

साहेब उतरले. उत्तर आलं.

त्यांना यातलं काहीच नको होतं, आणि सगळंच हवं होतं. मेल ते स्वतःच लिहिणार आहेत, हॉटेलवर पोचल्यावर. त्यांना फक्त नाव कसं उच्चारायचं ते हवं होतं, कारण प्रदर्शनात त्यांनी दोन वेळा चुकीचं उच्चारलं आणि समोरच्याने दोन्ही वेळा हसून सोडून दिलं. परवा पुन्हा भेट ठरली आहे. ईमेलवरून काढलेला उच्चार बघून म्हणाले, "हेच, हेच म्हणत होता तो." दुभाषा, हे तुमच्यामुळे.

त्यांनी मागच्या बाजूचा फोटोही पाठवला. त्यावर त्या गृहस्थांनी स्वतः पेनाने एक नंबर लिहिलाय, ०८० ने सुरू होणारा. समोर छापलेला ०९० चा खोडलेला नाही. आता कुठला ठेवू?

दुभाषा

दोन्ही ठेवा, हाताने लिहिलेला वर. टिपेत लिहा की तो त्यांनी साहेबांना समोर लिहून दिला. तुम्ही त्यावर फोन करू नका, तो साहेबांसाठी दिलाय.

आडवाट

यावर मात्र मी सहमत. छापलेल्याबद्दल नाही.